सात नंबरच्या खाटेवरचा मजूर

छातीच्या वॉर्डात सगळे तिला कमांडर म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर सिस्टर. पण तिने दारातून आत पाऊल टाकलं की उशीखालची सिगारेटची पाकिटं आणखी आत सरकत, खाटेवर टेकलेले नातेवाईक आपोआप उठून उभे राहत, आणि कालपर्यंत तोंड फिरवून झोपणारे म्हातारे मुकाट्याने उठून बसत आणि सांगितलं तसं नीट खोकायला लागत. ती ओरडायची नाही. कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहायची. ती उभी राहिली की माणसाला वाटायचं, चला, करून टाकू, ही काही इथून हलत नाही.

अशा बाईला जर्मन भाषेने दोनदा चारी मुंड्या चीत केलं होतं.

झालं होतं असं. तिकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात फक्त फुप्फुसांच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग होता आणि त्यांना अनुभवी नर्स हव्या होत्या. त्यांनी व्हिडिओवर तिची मुलाखत घेतली. तिने त्यांना आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आणि बाकी हातवारे करून असं काही उत्तर दिलं की पलीकडची मुख्य नर्स हसत सुटली आणि म्हणाली, आम्हाला या बाईच हव्यात. जागा शरद ऋतूपर्यंत राखून ठेवू, तेवढी भाषेची परीक्षा पास व्हा. कमांडर दोनदा बसली, दोनदा आपटली. आता तिसरी खेप. ही गेली की जागा दुसऱ्या कुणाला, आणि चाळिशी उलटलेल्या बाईला पुन्हा कोण विचारतंय?

आणि तिला जायचं होतं. घरात कुणाचा रेटा नव्हता, अडचणही नव्हती. ज्या यंत्रांबद्दल तिने फक्त वाचलं होतं ती तिला स्वतःच्या हाताने चालवून बघायची होती. हौस म्हणा, खाज म्हणा. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो म्हणाला, तू पुढे हो, बस्तान बसलं की मी येतो, चष्मे तिकडेही लागतातच. सासूबाईंनी मात्र सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "मी या घरातून हलणार नाही. लेक माझी खालच्याच मजल्यावर आहे. माझी काळजी नको." हे त्यांनी इतकं ठणकावून सांगितलं की पुन्हा कुणी विषय काढला नाही.

अडत होतं ते शब्दांवर. व्याकरण तिला जमायचं. नियम म्हटला की ती पाळणार. पण शब्द म्हणजे संध्याकाळी पाठ आणि सकाळी पाटी कोरी. बसमध्ये घोकायची, जेवताना घोकायची, नवरा बिचारा मीठ मागायचा तर त्याला क्रियापद मिळायचं.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर जर्मनच्या क्लासच्या बाईंनी तिला थांबवून घेतलं. बाई बारीक चणीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. म्हणाल्या, "तुमचं पाठांतर वाईट आहे असं तुम्ही म्हणता. मग आत्ता वॉर्डात कोणत्या खाटेवर कोण आहे ते सांगा बघू."

कमांडरने एका दमात सांगितलं. कोण, काय झालंय, कुणाला किती ऑक्सिजन, कुणाची बायको उगाच भांडते. सगळं.

"हे घोकलं होतंत?"

"घोकायचं काय त्यात? दिसतं ना मला."

"मग शब्दही दिसू द्या," बाई म्हणाल्या आणि खडू घेऊन फळ्यावर खोलीचा चौकोन काढला. डोळे मिटून फिरता येईल अशी एक जागा निवडायची. आत शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत फिरण्याचा रस्ता ठरवायचा, एकदा ठरला की बदलायचा नाही. रस्त्यातल्या ठळक ठळक ठिकाणी एकेक शब्द ठेवायचा. पण शब्द तसाच ठेवून चालत नाही, त्याचं चित्र करायचं. चित्रात शब्दाचा आवाजही यायला हवा आणि अर्थही. आणि चित्र जितकं वेडंवाकडं, जितकं अचाट, तितकं डोक्यात घट्ट बसतं. मग मनातल्या मनात त्या रस्त्याने चालायचं. त्याच संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग दोनचार दिवसांनी, मग आठवड्याने.

"उदाहरण द्या," कमांडर म्हणाली.

"जर्मनमध्ये यकृताला लेबर म्हणतात. लेबर म्हटलं की तुम्हाला काय दिसतं?"

"बांधकामावरचा मजूर."

"मग त्याच्या डोक्यावरच्या घमेल्यात विटांऐवजी एक भलंमोठं, ओलं यकृत ठेवा. आणि त्याला उभा करा कुठेतरी."

कमांडरला हे पटलं. इतकं पटलं की कुठे उभं करायचं हे विचारायलाही ती थांबली नाही. सगळ्यांत ओळखीची जागा कोणती, तर वॉर्ड. झालं. बसस्टॉपवर पोचेपर्यंत मजूर सात नंबरच्या खाटेवर घमेलं घेऊन उभा होता.

पहिला आठवडा नुसता जल्लोष. एक नंबरच्या खाटेवर शब्द, दोन नंबरच्या खाटेवर शब्द, औषधांच्या ट्रॉलीवर, ऑक्सिजनच्या नळावर, हात धुवायच्या बेसिनवर, जिकडे बघावं तिकडे शब्द. क्लासमध्ये तिने उभं राहून धडाधड म्हणून दाखवले तेव्हा पुढच्या बाकावरच्या पोरी मागे वळून बघायला लागल्या. कमांडरची मान ताठ झाली. इतकं सोपं होतं तर आधी कुणी सांगितलं का नाही, असा उलट तिलाच राग आला.

पुढच्या आठवड्यात मात्र चित्रं पुसायला लागली. वॉर्डातल्या खाटा म्हणजे काय घरातलं फर्निचर आहे का? आज तीन नंबर घरी गेला, उद्या तिथे नवा माणूस, त्याचा नवा खोकला, नवी औषधं. नवा पेशंट आला की खाटेवरचं चित्र बिचारं अंग चोरून बाजूला व्हायचं. तरी कमांडरने माघार घेतली नाही. उलट ड्यूटीवर असताना प्रत्येक खाटेशी क्षणभर थांबून चित्र पुन्हा पक्कं करायला लागली. आणि तिथेच घात झाला.

दुपारची पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्यांना एकेका रुग्णाची माहिती सांगते. त्या दिवशी सांगणारी कमांडर होती. ऐकायला तीन नर्स आणि मेट्रनबाई. खाटेखाटेशी थांबत घोळका सात नंबरपाशी आला. तिथे एक शिंपी होता, न्यूमोनियाचा, आता बरा होत आलेला.

"सात नंबर," कमांडर ठसक्यात म्हणाली. "ताप उतरलाय. ऑक्सिजन काढलाय. लिव्हर जड आहे, उचलताना जपा."

एक नवी नर्स खाली मान घालून लिहीत होती, तिने लिहूनही टाकलं. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून वर बघितलं.

"सात नंबरचं लिव्हर कधी बिघडलं, सिस्टर?"

शिंपी उठून बसला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "सिस्टर, मला कुणी बोललं नाही. घरच्यांना सांगितलंय का?"

घमेल्यातलं यकृत जड होतं, मजुराला जपून उचलायला लागत होतं, हे या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार? आयुष्यात पहिल्यांदा तिला वॉर्डात स्वतःची लाज वाटली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ सांगितलं, "माझी चूक झाली. तुमचं लिव्हर ठणठणीत आहे. मी दुसऱ्याच विचारात होते." मग नव्या नर्सकडे वळून म्हणाली, "ते खोड. माझ्यासमोर खोड."

नंतर मेट्रनबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. सगळं ऐकून घेतलं, मजुरासकट. मग म्हणाल्या, "तुम्ही जर्मन शिका नाहीतर चिनी शिका. माझ्या खाटा तेवढ्या रिकाम्या करा."

क्लासच्या बाईंनी हे ऐकलं तेव्हा आधी त्या हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं. जिथे डोकं कामावर लागतं ती जागा घ्यायची नाही. जिथे रोज माणसं बदलतात तीही नाही. जिथल्या वस्तू जागच्या जागी राहतात अशी घ्या."

"मग वॉर्डातली चित्रं काढू कशी?"

"काढू नका. तिकडे बघायचंच बंद करा. नवे पेशंट त्यांना बाहेर काढतील."

आणि तसंच झालं. दोन आठवड्यांत मजूर सात नंबरवरून असा गेला की शोधूनही सापडेना. कमांडरने कानाला खडा लावला आणि शब्दांचं सगळं बिऱ्हाड उचलून घरी आणलं.

घर लहान. दारातून शिरलं की हॉल, डावीकडे स्वयंपाकघर, समोर झोपायची खोली, तिच्यापुढे गॅलरी. यावेळी तिने घाई नाही केली. जर्मनमध्येही आपल्यासारखे तो, ती आणि ते असतात, पण आपल्याशी जुळतील तर शपथ. आपली उशी ती, त्यांची उशी ते. म्हणून तिने खोल्याच वाटून दिल्या. सगळे 'तो' हॉलमध्ये. सगळ्या 'ती' स्वयंपाकघरात. सगळी 'ते' झोपायच्या खोलीत. विशेषणं गॅलरीत वाळत घातली, आणि घरातून बसस्टॉपकडे जायच्या रस्त्यावर क्रियापदं, कारण क्रियापदांनी घरात बसून काय करायचं? शब्द कुठल्या खोलीत आहे ते आठवलं की तो का ती हा प्रश्नच उरत नव्हता.

आता दारातल्या चपलांच्या कपाटाला एक भलीमोठी पट्टी गुंडाळलेली होती, कारण बँडेजला ते फेरबांट म्हणतात आणि कपाट सारखं ओरडत होतं, फेर बांध, फेर बांध. सोफ्यावर एक पोट हात पसरून बसलं होतं, सारखं काहीतरी मागत. जठराला मागन म्हणतात. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर सासऱ्यांची जुनी लुंगी श्वास घेत फुगत होती आणि बसत होती, फुप्फुसाला लुंगं. सिंकच्या नळाला दोन मूत्रपिंडं लटकली होती आणि त्यांतून नीर वाहत होतं, मूत्रपिंडाला नीरं. झोपायच्या खोलीतल्या पलंगावर उशी किसणीवर किसली जात होती, कापूस सगळीकडे, उशीला किसन. आणि मजूर? मजूर गॅसच्या शेगडीवर उभा होता.

यातलं काहीही सासूबाईंना दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती ती फक्त सून, सिंकसमोर उभी राहून नळाकडे टक लावून पुटपुटणारी.

"काय गं, नळ गळतोय का?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"नाही आई. मूत्रपिंडं बघत्येय."

सासूबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "बस इथे. मला नीट सांग. डॉक्टरकडे जायचंय का?"

तिने नीट सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकलं, मधे मधे शेगडीकडे बघितलं. पटलं की नाही ते कळेना. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या गॅसवर कुणीतरी परका माणूस उभा आहे, चपला घालून, आणि तू मला आज सांगत्येस?"

"तो खरा नाहीये, आई."

"ते मला कळतं. मी काय खुळी आहे? पण चपला काढायला लाव."

कमांडरने त्याच्या चपला काढल्या. गंमत अशी की तेव्हापासून त्या मजुराला ती कधीच विसरली नाही. शेगडीचा चटका बसून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायचा. सासूबाईंना मग चटकच लागली. दुपारी भाजी निवडता निवडता त्या नवे शब्द मागून घ्यायच्या. ऑपरेशनआधी पेशंटला उपाशी ठेवतात ना, त्या उपाशीपोटीसाठी न्यूष्टर्न असा दाताखाली खडा यावा तसा शब्द होता. नाश्त्यासारखा ऐकू येतो, एवढंच कमांडरच्या डोक्यात आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मग गॅलरीच्या कठड्यावर नाश्त्याची बशी ठेव आणि वर कुलूप घाल. पेशंट बाहेरून हात घालतोय आणि हाताला येतंय कुलूप." ते चित्र दिसलं की कमांडरला हसू यायचं.

मधे नवऱ्याने एक घोळ घातला. बायकोला बरं वाटावं म्हणून त्याने सुट्टीच्या दिवशी सोफा खिडकीखाली सरकवला आणि चपलांचं कपाट दाराच्या दुसऱ्या बाजूला नेलं. ती घरी आली आणि दारातच थबकली. "कुणी सांगितलं होतं तुला? माझं पोट तिथे बसलं होतं." पण रात्रीच्या जेवणाआधी डोळे मिटून बघितलं तर मनातल्या हॉलमध्ये सोफा जिथल्या तिथे. खऱ्या सोफ्याने हवं तिथे जावं, मनातला हलत नव्हता. नवऱ्याच्या जिवात जीव आला.

खरी चूक झाली ती त्यानंतर. घर भरत आलं तेव्हा तिने नणंदेचं घर वापरायचं ठरवलं. खालच्याच मजल्यावर, रोजचं जाणं-येणं, अगदी हाताशी. पण खालचं घर म्हणजे वरच्याचीच नक्कल. तोच हॉल, तेच स्वयंपाकघर, तिथेच सिंक. वरचे शब्द खाली उतरायला लागले, खालचे वर चढायला लागले, आणि एका दुपारी सासूबाईंनी सहज सिंकवर काय आहे विचारलं तेव्हा तिच्या तोंडून तिसरंच काही आलं. नवऱ्याने आपलं दुकान देऊ केलं. चष्म्यांची कपाटं, आरसे, डोळे तपासायची खुर्ची, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. घराशी कशाचाही मेळ नव्हता. तिथे शब्द गुण्यागोविंदाने राहिले.

अशा रीतीने सगळं पाठ झालं आणि सरावाच्या तोंडी परीक्षेत कमांडर पुन्हा आपटली.

क्लासच्या बाई पेशंट झाल्या होत्या. जर्मनमध्ये म्हणाल्या, सिस्टर, सगळ्यांना नाश्ता दिला, मला का नाही? उत्तर सोपं होतं. आज तुमची तपासणी आहे, तुम्हाला उपाशीपोटी राहायचंय. शब्द तिच्याकडे होता, कठड्यावर, कुलूपबंद. पण तिथे जायचं म्हणजे ती नेहमीच्या रस्त्याने निघाली. दार, चपलांचं कपाट, सोफा, टीव्ही, स्वयंपाकघर, मग झोपायची खोली, पलंग. गॅलरीत पोचून बशी उचलून ती परत आली तेव्हा बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"तुमचा पेशंट बरा होऊन घरी गेला," त्या म्हणाल्या.

कमांडरला झोंबलं. "शब्द आला की नाही?"

"आला. पण पेशंटने प्रश्न विचारला की तुम्ही घरी निघून जाता. त्याला समोर सिस्टर हवी आहे. रस्ता पाठ करायला असतो. बोलताना दारातून शिरायचं नाही, खिडकीतून उडी मारायची. उलटं चाला, मधूनच सुरू करा, कुणालातरी कुठलीही जागा विचारायला सांगा. आणि मग जागा सोडूनच द्या. नुसता अर्थ विचारायला सांगा."

विचारायला कोण बसणार हे सांगायलाच नको. सासूबाईंनी या कामात मेट्रनबाईंना मागे टाकलं. भाकरी थापावी तसा एकामागून एक मारा. "सिंक." "कठडा." "दुकानातला आरसा." उत्तराला श्वास घेण्याइतकाही वेळ गेला तर त्या मान हलवायच्या आणि तोच प्रश्न पुन्हा. मग जागा सोडून अर्थ. "मूत्रपिंड. उशी. उपाशी. श्वास घेणे." भांडी घासताना, जिना चढताना, केस विंचरताना. मग त्यांनी आजारी पडायचं सोंग घ्यायला सुरुवात केली. मराठीत कण्हायच्या आणि जर्मनमध्ये उत्तर मागायच्या. उत्तर बरोबर आहे की नाही हे त्यांना कळायचं नाही, पण अडखळलेलं बरोबर कळायचं. "अडखळलीस. माझा जीव जातोय इथे आणि तू अडखळत्येस." कमांडरला राग यायचा आणि ती पुन्हा बोलायची.

परीक्षेच्या दिवशी ती सगळ्यात चांगला गणवेश इस्त्री करून घालून गेली. गणवेशाची गरज नव्हती, पण तो घातला की तिचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत यायचा. टेबलापलीकडे दोन परीक्षक, शेजारी एक तरुण उमेदवार. काम दिलं ते पाळी बदलतानाचं. एका फुप्फुसाच्या रुग्णाची माहिती येणाऱ्या सहकाऱ्याला द्यायची, आणि तो सहकारी म्हणजे हा तरुण.

कमांडरने कमरेवर हात ठेवले नाहीत, एवढंच. बाकी ती वॉर्डात बोलायची तशीच बोलली. रुग्ण कोण, श्वास कसा, पट्टी सकाळी बदलली, जखम कोरडी आहे, उद्या तपासणी आहे म्हणून उद्या उपाशीपोटी ठेवायचं. उपाशीपोटी हा शब्द तोंडातून गेला आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण गॅलरीत गेलोच नव्हतो. फेरबांट म्हटलं तेव्हा कपाट दिसलं नव्हतं. शब्द आपले आपण येत होते, मुलं शाळेतून घरी येतात तसे.

तेवढ्यात एका परीक्षिकेने मधेच विचारलं, आज त्यांना खोलीत फिरवलं का नाही?

कारण तिला माहीत होतं. चक्कर. त्याचं विशेषणही तिने ठेवलं होतं, गॅलरीतच, झाडाच्या कुंडीवर. ती उडी मारून तिथे पोचली आणि कुंडी रिकामी होती. साफ. आसपास काही पडलंय का म्हणून बघावंसं वाटलं. पूर्वीची कमांडर तिथेच उकिडवी बसून शोधत राहिली असती आणि खोलीत सगळे तिच्याकडे बघत राहिले असते. ही परत फिरली. परीक्षिकेच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी त्यांना उठवून बसवलं तेव्हा त्यांच्यापुढे सगळी खोली गोल गोल फिरायला लागली. म्हणून मी त्यांना पुन्हा झोपवलं आणि रक्तदाब घेतला. कमी होता. डॉक्टरांना कळवलंय. संध्याकाळी पुन्हा बघा, आणि एकट्याने उठू देऊ नका."

परीक्षिकेने मान हलवली. शेजारचा तरुण खरोखरच लिहून घेत होता.

निकाल आला तेव्हा ती वॉर्डातच होती. फोनवर बघितलं, पुन्हा बघितलं, मग मेट्रनबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता माझ्या खाटा कोण सांभाळणार ते सांगा आधी," आणि रडल्या. मेट्रनबाई रडतात हे वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं. कमांडर रडली नाही. तिला भारी वाटत होतं. आपण करू म्हटलं होतं आणि केलं, एवढं साधं सुख माणसाला क्वचितच मिळतं.

घरी आली तर नवरा अजून दुकानात. सासूबाई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. त्यांना आधीच कळलं होतं. नणंदेने जिन्यातूनच ओरडून सांगितलं होतं. त्यांनी सुनेला समोर बसवलं, चहा दिला आणि सवयीने म्हणाल्या, "गॅस."

"लेबर."

"तो काय करतोय आत्ता?"

कमांडरने शेगडीकडे बघितलं. मग डोळे मिटून बघितलं. "नाही दिसत, आई. गेला तो. शब्द आला की आता त्याची गरजच लागत नाही. बाईंनी सांगितलं होतं, असंच होतं म्हणून."

"आणि नळावरची?"

"तीही नाहीत."

"लुंगी?"

"शब्द आहे. लुंगी नाही."

सासूबाईंच्या हातात चहाचा कप होता, पण त्या पीत नव्हत्या. म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू तिकडे गेलीस तरी रोज एकदा या स्वयंपाकघरात यावंच लागेल तुला. त्या मजुरासाठी का होईना. म्हणून तर मी एवढं विचारत होते तुला. माझं मेलं गणितच चुकलं. मी विचारून विचारून तुझं येणंच बंद करून टाकलं."

आपण जाणार, आपण जिंकलो, हे गेले कित्येक महिने कमांडरच्या डोक्यात होतं. ही बाई मागे राहणार आहे हे तिने सोयीने त्यांच्याच ठणकावून सांगण्यावर सोडून दिलं होतं.

"मला तुमची फार आठवण येईल, आई," ती म्हणाली.

"ते येईलच. पण आठवणीचं काय, येते तेव्हा येते. रोज यायला काहीतरी काम लागतं."

कमांडरने डोळे पुसले. मग म्हणाली, "काम आहे. ही फक्त भाषेची परीक्षा झाली. तिकडे गेल्यावर नर्सिंगची वेगळी घेतात, त्यांच्या पद्धतीची. औषधं, यंत्रं, नियम. ढीगभर नवे शब्द आहेत. ते ठेवायचे कुठे हा प्रश्नच आहे. आणि फोनवर विचारायलाही कुणीतरी लागेल."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं, ही आपल्याला समजावायला काहीतरी सांगत नाही ना म्हणून. मग कप खाली ठेवून त्या उठल्या, ओट्यावरचे डबे एकेक करून भिंतीकडे सरकवले, फडकं ओलं केलं आणि रिकामी झालेली जागा पुसायला लागल्या.

"इथून सुरू कर," त्या म्हणाल्या.